कळलंमावशींनी घेतलेला चार्ज

कळलंमावशींचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्या "कळलं" म्हणतात, म्हणून त्या कळलंमावशी. त्यांच्या आईच्या सांगण्यानुसार त्या जन्मल्या तेव्हाही डॉक्टरांनी पाठीवर चापट मारायच्या आधीच रडल्या. लग्न ठरवायला मुलाकडचे आले, तेव्हा मुलगा "मला एक सांगायचंय" एवढं म्हणाला आणि मावशी म्हणाल्या, "कळलं." त्याला सांगायचं होतं की तो झोपेत भयंकर घोरतो. ते त्यांना लग्नानंतर कळलं, आणि गेली कित्येक वर्षं रोज रात्री नव्याने कळतंय.

मी या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आमचा वॉर्ड हाडांची ऑपरेशनं झालेल्यांचा. इथे माणसं पुन्हा उठायला, बसायला आणि चालायला शिकतात, आणि नीट चालायला लागली की घरी जातात. माझ्या हाताखाली मावशी आणि मामा आहेत, म्हणजे पेशंटला अंघोळ घालणं, खुर्चीत बसवणं, चालवणं ही कामं करणारी माणसं. ड्यूटीच्या सुरुवातीला मी पेशंट वाटून देते, आणि ज्याचा पेशंट त्याची जबाबदारी; बायकांची अंघोळ तेवढी कुठलीतरी मावशीच घालते. कामाला मावशी वाघ आहेत. चादर बदलायला दुसऱ्यांना लागतो त्याच्या निम्म्या वेळात त्यांची चादर ताणून मोकळी होते, कधीकधी पेशंट उतरायच्या आधी.

मावशींच्या अगदी उलट आमचे मुळापासूनमामा. त्यांना विचारा, "मामा, बादली कुठे आहे?" तर ते सांगणार, "तर सिस्टर, झालं असं, की ही बादली आणली तेव्हा आपल्याकडे आधीची निळी होती." निळ्या बादलीचं आयुष्य, तिचा कान कसा तुटला, तो कुणी तोडला, आणि शेवटी, तुम्ही म्हातारे झाल्यावर, बादली जिन्याखाली सापडते. मामांच्या बोलण्यात कामाची गोष्ट नेहमी शेपटाला असते, आणि मावशी शेपटापर्यंत कधीच पोचत नाहीत. या दोघांना मी सहसा शेजारी शेजारी काम देत नाही. माझंही डोकं आहे, ते काही दगडाचं नाही.

त्या दिवशी दुपारी, जेवणं उरकता उरकता, मामा भिंतीला धरून उभे राहिले. चेहरा पांढरा फटक. मी विचारलं, काय होतंय. मामा म्हणाले, "तर सिस्टर, काल संध्याकाळी मी घरी गेलो, तेव्हा बायकोने—" आणि एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातलं तसराळं घेतलं आणि त्यात भडाभडा ओकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुद्द्याची गोष्ट आधी सांगितली.

उलट्या होणाऱ्या माणसाला पेशंटजवळ ठेवता येत नाही, ताजी ऑपरेशनं असतात. घरी पाठवणं भागच होतं. त्यांच्याकडे पाच पेशंट होते. दोघांचं सगळं झालं होतं, नुसतं लक्ष ठेवायचं होतं, ते मी दुसऱ्या मावशीला दिले. उरलेले तिघे द्यायला माझ्यासमोर एकच माणूस मोकळं होतं, आणि ते माणूस आधीच बाह्या सरसावून उभं होतं.

"कळलं, सिस्टर," मावशी म्हणाल्या. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

आमच्याकडे चार्ज द्यायची एक रीत आहे. देणाऱ्याने प्रत्येक पेशंटचं सांगायचं: काय झालंय, काय राहिलंय आणि काय सांभाळायचंय. घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. मग देणारा सुटला. कागदावरही लिहिलेलं असतं, पण कागदावर "चालवले" एवढंच असतं. कसं चालवलं ते तोंडीच द्यावं लागतं. म्हणून मी मामांना खुर्चीत बसवलं, मांडीवर नवं तसराळं दिलं, मावशींना समोर उभं केलं, आणि मामांना दम दिला की आज मुळापासून नको, शेंड्यापासून सांगा.

मामांनी प्रयत्न केला. पण माणसाचा स्वभाव काही उलटीबरोबर बाहेर पडत नाही.

"मास्तरीणबाई," मामा म्हणाले. "तर त्यांना सवय अशी, की शाळेत असताना त्या सकाळी लवकर उठून आधी अंघोळ—"

"अंघोळ. कळलं."

मामांनी हात वर केला, पण तेवढ्यात तसराळं लागलं. ते आवरून ते गवंडीकाकांवर आले. पाय उशीवर ठेवायचा, उशी गुडघ्याखाली नको, टाचेकडे. हे सुदैवाने पूर्ण झालं, कारण मावशींना तेव्हाच शिंक आली. मग राहिले आजोबा.

आजोबांचा खुबा मोडला होता आणि बदलला होता. त्या दिवशी त्यांची परीक्षा होती. मोठे डॉक्टर आणि व्यायामाच्या मॅडम येणार होत्या. आजोबांनी वॉकर धरून दारापर्यंत चालून दाखवायचं, सरावासाठीच्या लाकडी पायऱ्या चढून उतरून दाखवायच्या. जमलं तर तिथूनच घरी. नाही जमलं तर डॉक्टर पुन्हा फेरीला येतील तोवर पंधरवडा इथेच. बाहेर बाकावर आजी येऊन बसल्या होत्या. पिशवीत आजोबांचे घरचे कपडे आणि चपला. आजोबा इथे आल्यापासून आजींनी घरी रात्रीचा दिवा मालवला नव्हता. मला म्हणाल्या होत्या, अंधाराची भीती नाही हो, पण मालवायचं त्यांचं काम आहे.

"आजोबा," मामा डोळे मिटून म्हणाले. "तर आजोबा नोकरीला लागले ते साल—"

"मामा, आजोबा चालतात कसे ते सांगा," मी म्हणाले.

"तेच सांगतोय. आधी ते मनाला येईल तेव्हा सुटायचे. मी कमरेचा पट्टा धरायच्या आत पाऊल टाकायचे, एकदा पडता पडता वाचले. म्हणून मी वॉकरला सायकलची घंटी लावली. आता ते घंटीवरच चालतात. म्हणजे असं, की—"

"घंटीवर चालतात. कळलं."

मामा पुढे काहीतरी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण त्यांच्या पोटाने निर्णय घेतला, आणि त्यानंतर त्यांच्यात सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. मी मावशींना परत म्हणायला लावलं. त्यांनी टाळ्या वाजवत म्हटलं: मास्तरीणबाई अंघोळ, गवंडीकाका उशी, आजोबा घंटी. इतकं छान म्हटलं, की एखाद्या शाळेने बक्षीस दिलं असतं. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचा फोन आला आणि मी गेले. मामांना त्यांचा मेहुणा येऊन घेऊन गेला.

पहिली ठिणगी मास्तरीणबाईंकडे पडली. मी परत आले तर त्या खाटेवर बसल्या होत्या, केस ओले, अंगाला पावडर, चेहऱ्यावर परम समाधान. मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्याकडची सेवा फारच उत्तम. दिवसातून दोनदा अंघोळ तर मला माझ्या आईनेही घातली नाही."

मी मावशींकडे पाहिलं. मावशी टॉवेल पिळत होत्या.

"मामा अंघोळ म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"मामा म्हणत होते की अंघोळ झाली."

"एवढं कुठे म्हणाले?"

"तुम्ही म्हणू कुठे दिलंत?"

बाईंना विचारलं की तुम्ही सांगितलं का नाहीत. तर त्या म्हणाल्या, सांगायला सुरुवात केली होती, पण या म्हणाल्या कळलं, आणि पाणी छान कोमट होतं.

दोनदा अंघोळ घातल्याने कुणी मरत नाही. पण चार्जच्या भांड्याला एक भोक दिसलं की दुसरंही असतंच. मी मामांना फोन लावला. फोन वाजला, आणि तो आमच्याच कपाटात वाजला. मामा विसरून गेले होते. मेहुण्याचा नंबर कुणाकडे नव्हता. आणि दारातून मोठे डॉक्टर आत येत होते, मागे व्यायामाच्या मॅडम, हातात आजोबांचा कागद.

मी मावशींना एवढंच विचारलं, घंटीचं नीट कळलंय ना?

"म्हणजे काय," मावशी म्हणाल्या. "घंटी वाजवायची, की चालतात."

आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली, केस पाण्याने चोपडलेले. मॅडमनी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि ऑपरेशनच्या बाजूने, किंचित मागे, पट्टा धरून उभ्या राहिल्या. आजोबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, मग वॉकर धरला. एकदम झकास. डॉक्टरांनी मान डोलावली. दारात आजी पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

मावशींनी घंटी वाजवली. टिंग.

आजोबा हलले नाहीत.

"चला आजोबा," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा टिंग. आजोबांनी वॉकर आणखी घट्ट धरला. पाय जमिनीला असे रोवले, की त्यांना हलवायला क्रेन लागली असती. मॅडम हळूच म्हणाल्या, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. आजोबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मला माहीत आहे. पण या बाई एक—"

"कळलं आजोबा, एकेक पाऊल. घाबरू नका." टिंग.

"घाबरतोय कोण? अहो, एका घंटीला—"

"कळलं, कळलं. घंटी ऐकू येतेय ना? मोठ्याने वाजवते." आणि वाजवली. टिंग. पलीकडच्या खाटेवरचे गवंडीकाका उशी सरळ करून बघायला लागले. मास्तरीणबाईंनी चष्मा लावला. आजोबांचा चेहरा लाल झाला होता, पण पाय जागच्या जागी. मध्येच ते दाराकडे तोंड करून कुणाला तरी म्हणाले, "उतरणारे उतरून घ्या." दारात आजींशिवाय कुणी नव्हतं, आणि त्या कशावर चढलेल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, काल तर चालत होते, आज बहुतेक भीती बसली. आणि थोडं गोंधळल्यासारखंही वाटतंय. डॉक्टर वाईट माणूस नाही, पण त्यांना अजून तीन वॉर्ड होते. ते म्हणाले, घाई नको, पुढच्या फेरीला बघू. आणि पेनाचं टोपण काढलं.

मी काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. आजींनी तक्रार केली नाही, डोळ्याला पदर लावला नाही. त्यांनी फक्त पिशवी खाली ठेवली आणि वर आलेल्या चपला आत दाबून बसवायला लागल्या. मला इतका राग आला, की मामा, मावशी, घंटी सगळ्यांना एका तसराळ्यात घालून फेकावंसं वाटलं.

मावशींनीही ते पाहिलं. त्यांचा हात घंटीवर होता, तो त्यांनी काढला. एक स्टूल ओढलं आणि आजोबांच्या समोर त्यावर बसल्या. नंतर त्या जे म्हणाल्या, ते आमच्या वॉर्डाने त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"आजोबा, मला कळलं नाही. तुम्ही सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

गवंडीकाकांच्या पायाखालची उशी खाली पडली, तरी कुणी उचलली नाही.

आजोबांनी घसा साफ केला. "तर झालं असं," ते म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा—"

मी डॉक्टरांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, डॉक्टर, आजोबा तोवर खुर्चीत बसतील, दोनच मिनिटं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि टोपण पुन्हा लावलं. माझ्या चेहऱ्याचा उपयोग असा क्वचितच होतो.

आजोबांनी बसून मुळापासून सांगितलं. ते बसवर कंडक्टर होते. जन्मभर. पहिल्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं, त्याच्या मिशा सांगितल्या. मावशी ओठ दाताखाली धरून ऐकत होत्या. दोनदा त्यांचा "क" बाहेर आला, तो त्यांनी खोकल्यात घातला. मिशांवरून गोष्ट दोरीवर आली, दोरीवरून घंटीवर.

"दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा," आजोबा म्हणाले. "एक घंटी म्हणजे थांबा. एका घंटीवर गाडी हलली तर दारातलं माणूस चाकाखाली जातं. माझ्या गाडीखाली कधी कुणी गेलं नाही. मामांना मी हे सांगितलं, तेव्हापासून त्यांनी डबल दिल्याशिवाय मी पाय उचलत नाही. आणि ही बाई मघापासून मला थांब, थांब, थांब सांगतेय. मी थांबलोय. एवढं चांगलं थांबणारा पेशंट तुम्हाला दुसरा मिळायचा नाही."

मॅडमनी तोंडावर कागद धरला. त्यांचे खांदे हलत होते.

मावशी म्हणाल्या, "दोन म्हणजे चला. एक म्हणजे थांबा. मधे घाई नाही. बरोबर?"

"बरोबर. आता तुम्हाला कळलं."

आजोबा उठले. पट्टा धरला गेला. मावशींनी घंटीवर अंगठा ठेवला आणि आयुष्यात प्रथमच एक क्षण थांबल्या. टिंग टिंग.

गाडी सुटली. वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. वॉकर, दुखरा, चांगला. खाटांच्या रांगेतून आजोबा असे निघाले, की मास्तरीणबाईंनी आपोआप पाय आत घेतले. लाकडी पायऱ्यांपाशी मावशींनी एक घंटी दिली, आजोबा थांबले. कठडा धरून चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुन्हा वॉकर, पुन्हा डबल, आणि दाराकडे. डॉक्टर म्हणाले, पुरे, छान. आजी हसत पुढे आल्या. आणि आजोबा त्यांच्या शेजारून, मान किंचित लववून, सरळ पुढे निघून गेले.

"अहो," आजी म्हणाल्या.

आजोबा व्हरांड्यात होते. पट्टा धरलेल्या मॅडम त्यांच्या मागून फरफटत नव्हत्या एवढंच. धुण्याच्या खोलीचं दार आलं, तेही गेलं. मावशी जागच्या जागी उभ्या राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होत्या, आणि घंटी आजोबांबरोबर निघाली होती.

"मावशी, सिंगल!" मी ओरडले.

मावशी धावल्या. लिफ्टच्या अलीकडे टिंग झालं आणि आजोबा थांबले. धाप नव्हती. ते म्हणाले, "शेवटचा स्टॉप असेल तर सांगत जा, मी वाट बघत होतो." डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि खाली लिहिलं, चालणं उत्तम, थांबवावे लागते.

मग निघायची तयारी झाली. आता खरा चार्ज द्यायचा होता. मामांचे आजोबा मावशींकडे आले होते, मावशींचे आजोबा आता आजींकडे चालले होते, आणि आजींच्या पुढे ते कुणाकडेच जायचे नव्हते. म्हणून मी म्हटलं, मावशी, तुम्हीच द्या. आणि मी फोन आला तरी हलले नाही.

मावशींनी आजींना बाकावर बसवलं. खुर्ची उंच हवी, खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही.

"कळलं," आजी म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष चपलांकडे होतं.

"नाही कळलं," मावशी म्हणाल्या, अशा आवाजात की मीसुद्धा ताठ झाले. "माझं पूर्ण व्हायचंय. आणि झालं की तुम्ही मला परत म्हणून दाखवायचं. नाहीतर मी आजोबा देणार नाही."

आजींनी चपला ठेवल्या आणि ऐकलं. पायऱ्यांचं ऐकलं, पट्ट्याचं ऐकलं, रात्री उठताना आधी काठावर बसायचं ते ऐकलं. सगळं परत म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता. शेवटी राहिली घंटी. मावशींनी तीही सांगितली, डबलपासून सिंगलपर्यंत.

"म्हणजे," आजी सावकाश म्हणाल्या, "एक वाजवली की हे थांबतात?"

"लगेच."

तिकडे आजोबा वॉकर धरून गवंडीकाकांना निरोप देत होते. त्यांना नोकरीला लागल्याची गोष्ट सांगत होते, आणि अजून पहिल्या ड्रायव्हरच्या मिशा यायच्या होत्या. आजी उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि हात पुढे केला.

टिंग.

आजोबा अर्ध्या वाक्यात थांबले. तोंड उघडंच राहिलं. आजींनी घंटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग आमच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की मावशींना नाक ओढावं लागलं.

"इतकी वर्षं," आजी म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही."

मग त्यांनी पिशवी उचलली, पट्टा हातात घट्ट धरला, आणि दोन घंट्या दिल्या. दिवा मालवायला आजोबा घरी निघाले.